बिनभोगवटा शुल्क आणि व्यवस्थापक समितीच्या अधिकाराची मर्यादा : एक चिकित्सा

जळगाव शहरातील मेहरूणसारख्या वस्तीत सदनिकाधारक नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईस स्थायिक होतो आणि सदनिका भाड्याने देतो, तेव्हा देयकात ‘बिनभोगवटा शुल्क’ हा नवा रकाना उमटतो. ही आकारणी कोण व किती करू शकतो, याचे उत्तर राज्य शासनाच्या १ ऑगस्ट २००१ च्या परिपत्रकात आहे. त्यानुसार हे शुल्क सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक असू शकत नाही. मुंबईतील मॉन्ट ब्लँक सहकारी गृहनिर्माण संस्थेने या मर्यादेस आव्हान दिले. परंतु मुंबई उच्च न्यायालयाने २००७ मध्ये परिपत्रक वैध ठरविले. या निर्णयाचे खरे मर्म असे की, समितीच नव्हे, तर सर्वसाधारण सभेचे बहुमतही ही मर्यादा ओलांडू शकत नाही. सभेत बहुसंख्य असतात ते तेथे राहणारे. भुर्दंड पडतो तो गैरहजर असणाऱ्यावर. म्हणूनच येथे बहुमतास लगाम आवश्यक ठरतो.

तथापि, परिपत्रकाचा आशय देयकाच्या मांडणीत हरवतो. उदाहरणादाखल, मासिक देयक २००० रुपयांचे आहे असे मानू. त्यात मालमत्ता कर ४५०, पाणीपट्टी ३००, दुरुस्ती निधी ४००, सिंकिंग फंड १५० आणि सेवाशुल्क, म्हणजे पहारेकरी, सफाई, लेखापरीक्षण इत्यादींचा खर्च, ७०० रुपये. कायदेशीर बिनभोगवटा शुल्क ७० रुपये होते. समिती मात्र एकूण देयकाचे दहा टक्के धरून २०० रुपये लावते. वर्षाकाठी १५६० रुपये अधिक, आणि न भरल्यास थकबाकीवर व्याज. सर्व बाबी ‘मेंटेनन्स’ या एकाच शब्दाखाली दाखविणाऱ्या देयकात ही चूक सभासदास दिसतच नाही. बाबनिहाय देयक मागणे हीच त्याची पहिली पायरी होय.

दंडाची बाब याहून वेगळी आहे. आदर्श उपविधींनुसार उपविधीभंगाचा दंड सर्वसाधारण सभा ठरविते. समितीने नोटीस द्यावयाची, सभासदाचे म्हणणे सभेपुढे ऐकले जावयाचे, आणि मगच दंड. तोही आर्थिक वर्षात ५००० रुपयांपर्यंतच. भाडेकरूची पूर्वसूचना दिली नाही म्हणून समितीने परस्पर देयकात रक्कम वाढविणे या कार्यपद्धतीस धरून नाही. दंडास ‘शुल्क’ हे सौम्य नाव दिल्याने तो वैध होत नाही.

एक भेद मात्र आधी तपासावा लागतो. इमारत सहकारी संस्था म्हणून नोंदलेली नसून १९७० च्या अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषित असेल, तर वरील परिपत्रक व आदर्श उपविधी तिला लागू होत नाहीत. तेथे सामाईक खर्चाची विभागणी घोषणापत्रातील अविभक्त हिश्शाच्या प्रमाणात होते. फलकावर ‘सोसायटी’ लिहिलेले असणे हा नोंदणीचा पुरावा नव्हे. मूळ खरेदीखत व घोषणापत्रच पाहावे लागते.