फिलिप्सची रेषा का मोडली?

ल्यूकस यांची टीका समजायला आपण फिलिप्सची रेषा घेऊ. 1958 साली फिलिप्स यांनी ब्रिटनच्या सुमारे शंभर वर्षांच्या आकड्यांवरून दाखवलं, की बेरोजगारी कमी असते तेव्हा मजुरी वेगाने वाढते. अमेरिकेत 1960 च्या दशकात अनेकांनी यातून धोरण काढलं: थोडी महागाई सोसा, बेरोजगारी कमी राहील. 1969 मध्ये ती 3.5 टक्के होती, म्हणजे हिशेब जुळतोय असं वाटलं. पण 1975 मध्ये बेरोजगारी 8.5 टक्के आणि महागाई 9 टक्क्यांच्या आसपास. दोन्ही एकदम!

तेल महागलं, हे खरंच. पण जुने आकडे भाव फारसे वाढणार नाहीत असं धरून मजुरी ठरवणाऱ्या लोकांचे होते. महागाई दरवर्षीची झाली, तसे कामगार ती आधीच धरून मजुरी मागू लागले. रॉबर्ट ल्यूकस यांनी 1976 मध्ये म्हटलं ते हेच: धोरण बदललं की लोकांचे अंदाज बदलतात, आणि त्या अंदाजांवर उभं असलेलं नातंही.

मात्र आपण ही टीका ताणूही नये. 1979 नंतर व्होल्कर यांनी पतधोरण आवळलं, तरी लोकांचे अंदाज लगेच उतरले नाहीत. 1982 च्या अखेरीस बेरोजगारी 10.8 टक्क्यांवर गेली. धोरण नुसतं जाहीर होऊन भागत नाही, लोकांचा त्यावर विश्वास बसावा लागतो. नातं मोडू शकतं, हे ल्यूकस सांगतात. ते किती लवकर मोडेल, हे दरवेळी तपासूनच ठरवावं लागतं.