पोवाड्यातला सिंहगड

तुळसीदास शाहिराच्या पोवाड्यात तानाजी घोरपडीला दोर बांधून कोंढाणा चढतो. सभासदाने राजारामांच्या कारकिर्दीत, प्रसंगानंतर सुमारे पंचवीस वर्षांनी लिहिलेल्या बखरीत घोरपड नाही. तेथे मावळेच कडा चढून जातात. मात्र तानाजी आणि उदेभान यांचा झुंजीत पडलेला बळी व सूर्याजीने सावरलेले सैन्य तिथेही आहे. म्हणून हा गाभा मान्य करावा, घोरपड शाहिराकडे ठेवावी.

तानाजीच्या मृत्यूवरून (१६७०) गडाला ‘सिंहगड’ नाव पडले, ही कथा मात्र टिकत नाही: शिवाजीमहाराजांच्या १६६३ च्या पत्रातच ते नाव आहे. येथे बखरीचे नव्हे, समकालीन कागदाचे मोल अधिक. आपण लहानपणी ऐकलेले सोडणे जड जाते, हे खरे. पण कथेने नावाचा अर्थ नंतर जोडला, एवढेच त्यातून दिसते.