ताटावरून न उठता आलेले म्हातारपण

एकाच नटाने एकाच रात्रीत पन्नास वर्षांनी वृद्ध व्हावयाचे, ही मागणी नाटककार सहज करून जातो; ती पुरी करताना मात्र नाट्यसंस्थेचे कंबरडे मोडते. धंदेवाईक नाटक मंडळीजवळ मध्यंतराचा अवकाश असतो, हाताशी रंगभूषाकार असतो, केसांचे दोन-तीन टोप आणि कपड्यांचे तितकेच जोड असतात. गणेशोत्सवात भाड्याच्या सभागृहात नाटक करणाऱ्या, महाराष्ट्राबाहेरच्या एखाद्या महाराष्ट्र मंडळाजवळ यांपैकी बहुधा काहीच नसते. बारा चेहऱ्यांना मिळून एक रंगभूषाकार, आणि तोही पहिल्या अंकानंतर दुसऱ्या कामावर जाणारा! अशा मंडळांनी थॉर्नटन वाइल्डर या अमेरिकन नाटककाराच्या ‘द लाँग ख्रिसमस डिनर’ या एकांकिकेकडे लक्ष द्यावे असे सुचवावेसे वाटते. ते केवळ स्वस्तात होणारे नाटक आहे म्हणून नव्हे, तर वय दाखविणे म्हणजे नेमके काय करणे, याचा इतका मुळापासून विचार केलेले दुसरे छोटे नाटक सहसा आढळत नाही म्हणून.

ही एकांकिका १९३१ साली प्रसिद्ध झाली. बेयर्ड नावाच्या कुटुंबाचे जेवणाचे टेबल एवढेच तिचे स्थळ. प्रयोग चालतो सुमारे अर्धा तास. पण त्या अर्ध्या तासात नव्वद वर्षांतील नव्वद नाताळांची जेवणे होऊन जातात. हिशेब केला तर एका वर्षाच्या वाट्याला वीस सेकंद येतात. पडदा पडत नाही, अंक बदलत नाही, कोणी सन सांगत नाही. रंगमंचाच्या एका बाजूस फळाफुलांनी सजविलेले दार आहे, ते जन्माचे. समोरच्या बाजूस काळ्या मखमलीचे दार आहे, ते मृत्यूचे. दाई पहिल्या दारातून बाबागाडी घेऊन येते, मूल वाढून टेबलाशी बसते, मोठे होते, म्हातारे होते आणि एके दिवशी उठून दुसऱ्या दारातून निघून जाते.

येथेच रंगभूषेचा प्रश्न उभा राहतो. इतर कोणत्याही नाटकात वय वाढविण्यासाठी पात्राला विंगेत पाठविता येते. या नाटकात टेबलावरून उठून काळ्या दाराकडे जाणे याचा अर्थच मरण असा ठरलेला आहे. रॉडरिक एकदा त्या दाराकडे वळतो आणि परत येऊन आपल्या खुर्चीवर बसतो, तेव्हा प्रेक्षकाचा श्वास क्षणभर थांबतो तो याच संकेतामुळे. मग चेहरा रंगवून घेण्यासाठी आत जाण्याची सोय उरतेच कोठे? जे वार्धक्य यावयाचे ते ताटावरून न उठता, चारचौघांदेखत आले पाहिजे. म्हणून वाइल्डर नटांना सांगतो की, पांढऱ्या केसांचे टोप जवळच लपवून ठेवावेत आणि योग्य क्षणी काहीही गाजावाजा न करता ते डोक्यावर चढवावेत. स्त्रियांनी शाली जवळ ठेवाव्यात आणि वय वाढेल तशा त्या खांद्यांवर ओढून घ्याव्यात. बाकी सारे अभिनयाने करावयाचे.

रंगाला येथे दिलेली ही रजा आपल्या हौशी प्रयोगांना किती उपकारक आहे, हे ज्यांनी विशीतल्या मुलाच्या कपाळावर काळ्या-तपकिरी रेघा ओढलेल्या पाहिल्या आहेत त्यांस सांगावयास नको. सुरकुती ही रेघ नसून घडी असते. घडीला एक सावलीची बाजू असते आणि तिला लागून एक उजेडाची कड असते. चांगला रंगभूषाकार नटाला आठ्या घालावयास लावतो, त्याच्या स्वतःच्या कातडीची घडी जेथे पडते तेथेच गडद रंग भरतो, शेजारी फिकट रंगाची कड देतो आणि दोन्ही एकमेकांत मिसळून टाकतो. एवढे करूनही मान आणि हात तरुण राहिले, तर चेहरा मुखवट्यासारखा दिसतो. शिवाय लहान सभागृहात पहिली रांग दहा-बारा फुटांवर असते. तितक्या अंतरावरून घाईत ओढलेली रेघ सुरकुती न दिसता चेहऱ्याला काही तरी माखल्यासारखी दिसते. वीस सेकंदांना एक वर्ष या वेगाने हे काम होणे अर्थातच शक्य नाही.

टोपाचे काम सोपे वाटते, पण त्यातही दोन खाचखळगे आहेत. पहिला रंगाचा. अगदी पांढराशुभ्र टोप रंगमंचाच्या प्रकाशात निळसर दिसतो, आणि कृत्रिम केसांचा असेल तर चमकतो. किंचित पिवळट झाक असलेला, पावडर चोपडून चमक मारलेला टोप खऱ्या पिकल्या केसांच्या अधिक जवळ जातो. तो रंगीत तालमीत, त्याच दिव्यांखाली आणि शेवटच्या रांगेत बसून पाहिल्यावाचून पसंत करू नये.

दुसरा खळगा हशाचा. पहिला नट टेबलाखालून टोप काढून डोक्यावर घालतो तेव्हा प्रेक्षक हसण्याचा मोठा संभव असतो, आणि एकदा हसला की पुढच्या प्रत्येक टोपाला हसतो. यावर उपाय वाइल्डरच्या रचनेतच आहे. लुशियाचे उदाहरण घेऊ. नाटकाच्या आरंभी ती नव्या घरात आलेली तरुण गृहिणी आहे. पुढे ती आई होते, मग आजीच्या वयाला पोहोचते. टेबलावर संभाषणाचा भार जेव्हा तिच्यावर असतो, तेव्हा तिने टोपाला हात लावू नये. फुलांच्या दारातून बाबागाडी येते तेव्हा सर्वांच्या नजरा, रंगमंचावरच्या आणि प्रेक्षागृहातल्याही, त्या दाराकडे वळतात. तो क्षण तिचा. प्रेक्षक बाळ पाहून पुन्हा टेबलाकडे वळतो, तो लुशिया पिकलेली असते. टोप घालताना तिने चोरी केल्यासारखे करू नये. पदर सारखा करावा तितक्याच सहजपणे हात वर जावा आणि खाली यावा. प्रयोग साधला की नाही याची खूण हीच, की प्रेक्षकांना बदल झाल्याचे कळते, पण तो केव्हा झाला हे सांगता येत नाही.

आपल्या प्रेक्षकाला हा संकेत परका वाटेल अशी शंका घेण्याचे कारण नाही. तमाशात रंगमंचाभोवती एक फेरी मारली की गाव बदलते, हे आपण पिढ्यान्‌पिढ्या मान्य करीत आलो आहोत. एका फेरीत जर वीस कोस जातात, तर एका टोपात वीस वर्षे का जाऊ नयेत?

वेषभूषेत मोह पडतो तो ऐतिहासिकतेचा. नव्वद वर्षांत अमेरिकेतल्या पोषाखांच्या किती तऱ्हा बदलल्या असतील, या विचाराने दिग्दर्शक भाड्याच्या कपड्यांच्या मागे लागतो. पण काळानुसार कपडे बदलावयाचे म्हटले की पात्रे पुन्हा विंगेत जाणे आले. एकच साधा पोषाख आणि एक शाल एवढ्यावर भागवावे. तीच शाल प्रथम खुर्चीच्या पाठीवर असावी, मग मांडीवर यावी, मग खांद्यांवर, आणि अखेरीस दोन्ही हातांनी छातीशी आवळून धरलेली असावी. थंडी वाढलेली नसते. माणसातली ऊब कमी झालेली असते. हे चार टप्पे कोणत्याही पोषाखापेक्षा अधिक बोलतात, आणि त्यांना एक पैसा पडत नाही.

आता अभिनय. या नाटकात पात्रे बहुतेक वेळ बसून असतात; त्यामुळे पाठीतला बाक, काठी, लटपटती चाल ही नेहमीची सामग्री निरुपयोगी ठरते. मग हौशी नट उरलेल्या एकाच साधनाकडे धावतो: हात आणि आवाज कापविणे. पण कंप हा रोगाचा विशेष होय, वयाचा नव्हे. वयाचा विशेष काटकसर हा आहे. तरुण माणूस शेजाऱ्याकडे नुसती मान वळवून पाहतो, म्हातारा खांद्यांसकट वळतो, आणि म्हणून थोडक्यासाठी वळतच नाही. हाक आणि उत्तर यांमध्ये पूर्वी नसलेले एक अंतर पडते. वाक्य एका श्वासात पुरे होत नाही. वाइल्डरने तर नटांच्या हाती याहून मोठे साधन दिले आहे: जेवण खोटे आहे. नसलेल्या सुरीकाट्यांनी नसलेले पदार्थ खावयाचे आहेत. रॉडरिक पहिल्या जेवणात मांस कापतो ते कोपरापासून जोर लावून. पुढे तेच कापणे मनगटापर्यंत येते. मग घास लहान होतो, चावणे लांबते, आणि शेवटी काटा ताटाशीच थांबतो. हे प्रत्येक नटाने आपापल्या वयाच्या हिशेबाने बसविले पाहिजे. सर्वजण एकाच वेळी मंद झाले, तर प्रयोगच मंदावतो. एका टोकाला वय होत असताना दुसऱ्या टोकाला कोणी तरी वीस वर्षांचा भरभर जेवत असला पाहिजे. त्या तुलनेतूनच म्हातारपण दिसते.

ही तुलना जेथे संपते तेथे या पद्धतीची मर्यादाही दिसते. शेवटी अर्मनगार्ड ही दूरची नातलग टेबलाशी एकटी उरते आणि वृद्धेची अतिवृद्ध होत जाते. टोप केव्हाच घातलेला असतो, शाल आवळून झालेली असते, शेजारी मोजावयास तरुण माणूस नसतो. आलेले पत्र वाचीत तिला उरलेली वर्षे एकटीने पार करावयाची असतात. ज्या मंडळाजवळ ही भूमिका निभावणारी नटी नाही, त्याने हे नाटक हाती घेऊ नये. हेही मान्य केले पाहिजे की, भिंती, दारे, चहाचे पेले सारे काही खरे मांडलेल्या घरगुती नाटकात असा उघडा टोप चालणार नाही. तेथे सारे खरे असताना केसच तेवढे खोटे ठरतील. येथे अन्नच खोटे आहे, म्हणून केस खोटे असण्याची मुभा मिळते.

बेयर्ड कुटुंबातल्या कोणालाही आपण म्हातारे होत आहोत हे जाणवत नाही. प्रत्येक पिढी बर्फाने मढलेल्या झाडांच्या काटक्यांबद्दल जवळजवळ त्याच शब्दांत कौतुक करते, आणि आपण नवीन काही बोललो असे समजते. वय दिसते ते फक्त आपल्याला. चाकरीच्या निमित्ताने दूर राहणाऱ्या आणि वर्षातून एकदा दिवाळीच्या रजेत घरी जाणाऱ्या माणसाला या प्रेक्षकाची जागा चांगली परिचयाची आहे. मधले दिवस त्याने पाहिलेले नसतात. त्याला एका पंगतीनंतर थेट दुसरी पंगत दिसते. घरातली माणसे म्हणतात, सारे आहे तसेच आहे, आणि त्यांच्या दृष्टीने ते खरेही असते. आईने पदर खांद्यावरून केव्हा ओढून घेतला, वडिलांचा घास केव्हा लहान झाला, हे त्यांना ठाऊक नसते आणि आपल्यालाही सांगता येत नाही. रंगविलेल्या सुरकुतीने हा अनुभव कधीच दिला नसता, कारण सुरकुती रंगविण्यासाठी माणसाला टेबलावरून उठवावे लागले असते.