दोषारोप ज्ञापन आणि बचावाचे लेखी निवेदन : कनिष्ठाशी झालेल्या गैरवर्तनाच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

शासकीय सेवेत वरिष्ठाने कनिष्ठ कर्मचाऱ्याशी गैरवर्तन केल्याची तक्रार झाली, की त्या घटनेचे रूपांतर प्रथम कागदात होते. एका बाजूस शिस्तभंगविषयक प्राधिकाऱ्याचे दोषारोप ज्ञापन असते आणि दुसऱ्या बाजूस अपचारी कर्मचाऱ्याचे बचावाचे लेखी निवेदन. पुढील विभागीय चौकशी या दोन कागदांच्या चौकटीतच चालते. तरीही या लेखनाकडे भाषिक रचना म्हणून आपल्याकडे फारसे पाहिले गेलेले नाही. बारामती व इंदापूर या लगतच्या तालुक्यांतील आपले अनेक विद्यार्थी पुढे तलाठी, ग्रामसेवक अथवा कनिष्ठ सहायक होतात. त्यांपैकी काहींना असे कागद लिहावे लागतील, तर काहींच्या तक्रारीचे भवितव्य या कागदांवर ठरेल. प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन असे की, ज्ञापन आणि उत्तर हे दोन्ही कागद बहुधा एकाच दोषाने दुबळे होतात. घटना सांगण्याऐवजी ते घटनेला विशेषणे लावतात, आणि त्यात ज्याच्यावर अन्याय झाला तो कनिष्ठच नाहीसा होतो.

ज्ञापनाची रचना

महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ मधील नियम ८ हा जबर शिक्षेपूर्वीच्या चौकशीची कार्यपद्धती सांगतो. त्यानुसार आरोपांचा आशय निश्चित आणि स्वतंत्र दोषारोपांच्या रूपाने मांडावा लागतो. प्रत्येक दोषारोपाच्या पुष्ट्यर्थ घटनांचे विवरणपत्र द्यावे लागते आणि कागदपत्रांची व साक्षीदारांची यादी जोडावी लागते. व्यवहारात यांना जोडपत्र एक ते चार म्हटले जाते. जिल्हा परिषदेच्या कर्मचाऱ्यांना १९६४ चे स्वतंत्र शिस्त व अपील नियम लागू आहेत. तेथे तालुक्यातील घटनेचा प्रस्ताव पंचायत समितीकडून जिल्ह्यास जातो. म्हणजे ज्याने घटना जवळून पाहिली तो एक, मसुदा लिहिणारा दुसरा आणि सही करणारा तिसरा असतो. या प्रवासात तपशील गळत जातात आणि शेवटी ठरावीक वाक्ये तेवढी उरतात.

अशा ठरावीक वाक्यांचा नमुना पुढीलप्रमाणे असतो : ‘आपणाकडून महिला कर्मचाऱ्याशी वेळोवेळी असभ्य वर्तन करण्यात आले असून आपण अर्वाच्य भाषेचा वापर केला आहे. सदर कृत्य शासकीय कर्मचाऱ्यास न शोभणारे आहे.’ यातील ‘न शोभणारे वर्तन’ हा शब्दप्रयोग वर्तणूक नियमांतून, म्हणजे १९७९ च्या नियम ३ मधून येतो आणि तो आवश्यकही आहे. परंतु तो निष्कर्ष आहे, घटना नव्हे. ‘वेळोवेळी’ या शब्दाला तारीख नाही. ‘करण्यात आले’ या कर्मणी रचनेत कर्ता मागे सरतो. ‘अर्वाच्य’ या शब्दात प्रत्यक्ष उच्चारलेले शब्द झाकले जातात. मसुदा लिहिणाऱ्यास ते शब्द कागदावर उतरविण्याचा संकोच वाटतो आणि हा संकोच सभ्य वाटतो. पण त्याची किंमत तक्रारदार मोजते. चौकशीत साक्षीदारास ‘नेमके काय म्हणाले?’ असे विचारले जाते तेव्हा त्याचे उत्तर पडताळून पाहण्यासाठी ज्ञापनात काहीच नसते.

हा दोष केवळ शैलीचा नाही. सुरथचंद्र चक्रवर्ती विरुद्ध पश्चिम बंगाल राज्य या १९७० च्या निर्णयात दोषारोप मोघम असल्यामुळे आणि त्यामागील घटनांचे विवरण दिले नसल्यामुळे सर्वोच्च न्यायालयाने बडतर्फीची कारवाई टिकू दिली नाही. मोघम आरोपास उत्तर देता येत नाही, म्हणून तो बचावाची संधीच नाकारतो, हे त्यामागील तत्त्व आहे. याच्या उलट टोकाचा दोष म्हणजे ‘आपण दोषी असल्याचे सिद्ध झाले आहे’ असे ज्ञापनातच लिहून टाकणे. ओरिक्स फिशरीज प्रकरणात (२०१०) न्यायालयाने असे आधीच ठरवून टाकलेले ‘कारणे दाखवा’ पत्र दूषित मानले. ते प्रकरण कर्मचाऱ्याचे नसून निर्यातदाराच्या नोंदणीचे होते, तरी तत्त्व येथेही लागू पडते. ज्ञापनाने आरोप ठामपणे मांडावा. निकाल देऊ नये.

एका क्रियापदाची कथा

ज्ञापनातील एकेका शब्दाचे वजन किती असते, हे अपॅरल एक्सपोर्ट प्रमोशन कौन्सिल विरुद्ध ए. के. चोप्रा या प्रकरणात स्पष्ट दिसते. १२ ऑगस्ट १९८८ रोजी दिल्लीतील एका हॉटेलच्या व्यवसाय केंद्रात, अध्यक्षांचे श्रुतलेखन घेण्याच्या निमित्ताने, अध्यक्षांच्या खासगी सचिवाने एका कनिष्ठ लिपिक-टंकलेखिकेस नेले. तिला श्रुतलेखनाचे प्रशिक्षणच नव्हते. तिने हरकत घेऊनही तो तिच्या निकट बसण्याचा व तिला स्पर्श करण्याचा प्रयत्न करीत राहिला, असा आरोप होता. उद्वाहकातही हाच प्रकार झाला आणि तिने धोक्याचे बटण दाबून स्वतःची सुटका केली, असे तिचे म्हणणे होते. १८ ऑगस्ट रोजी निलंबन झाले व दोषारोपपत्र देण्यात आले. उत्तरात सर्व आरोप नाकारले गेले. चौकशीअंती २८ जून १९८९ रोजी सेवेतून काढून टाकण्याची शिक्षा झाली.

दिल्ली उच्च न्यायालयात मात्र चित्र पालटले. विनयभंग ‘केला’ असे सिद्ध होत नाही, फक्त ‘प्रयत्न केला’ एवढेच दिसते, असा भेद तेथे केला गेला आणि शिक्षा टिकली नाही. २० जानेवारी १९९९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा भेद अमान्य केला आणि शिक्षा पुन्हा कायम केली. प्रत्यक्ष स्पर्श झाला की नाही, यावर अशा प्रकरणाचा निर्णय अवलंबून नसतो. वर्तनाचा समग्र आशय पाहावयाचा असतो, असे न्यायालयाचे म्हणणे होते. १९९७ च्या विशाखा निर्णयाचा आधारही तेथे घेण्यात आला.

आपल्या विषयाच्या दृष्टीने येथे दोन गोष्टी लक्षात येतात. पहिली अशी की, ‘प्रयत्न केला’ या क्रियापदावर तक्रारदाराची सुमारे सात वर्षे खर्ची पडली; कारण उच्च न्यायालयाचा पहिला निर्णय १९९२ चा होता. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. ही कारवाई शेवटी तरली ती घटनेच्या तपशिलामुळे. प्रशिक्षण नसताना श्रुतलेखनासाठी नेणे, तिची हरकत, धोक्याचे बटण हे तपशील नोंदीत होते, म्हणून क्रियापदाच्या वादापलीकडे घटना उभी राहू शकली. केवळ ‘असभ्य वर्तन’ एवढेच लिहिले असते, तर सर्वोच्च न्यायालयासमोरही पाहण्यासारखे फारसे उरले नसते.

उत्तराची चिकित्सा

आता दुसरा कागद. विवेचनासाठी एक काल्पनिक नमुना घेऊ. तालुका स्तरावरील एका कार्यालयात, १२ जून रोजी सकाळी अकराच्या सुमारास, दोन लिपिकांसमक्ष, कनिष्ठ सहायक महिलेने रजेचा अर्ज दिला. वरिष्ठाने तो टेबलावर आपटला आणि ‘तुला कामापेक्षा घरच जास्त, राजीनामा दे आणि घरी बस’ असे मोठ्याने म्हटले, असा आरोप आहे. ज्ञापन असे लिहिले गेले तर त्यास तारीख, स्थळ, कृती, शब्द आणि साक्षीदार असे पाचही आधार मिळतात. अट एवढीच की, दोन्ही लिपिकांची नावे जोडपत्र चारमध्ये आणि हजेरीपट व आवक नोंदवही जोडपत्र तीनमध्ये असली पाहिजेत. विवरणात उल्लेख आहे पण यादीत नाव नाही, ही विसंगती दिसली की मसुदा घाईत झाला हे ओळखावे.

अशा ज्ञापनास आपल्याकडे सर्वसाधारणपणे तीन प्रकारची उत्तरे येतात. पहिले उत्तर म्हणजे ‘सर्व आरोप खोटे, निराधार व द्वेषमूलक आहेत’. हे उत्तर काहीच सांगत नाही. मोघम ज्ञापनाचे ते आरशातील प्रतिबिंब होय. दुसरे उत्तर तक्रारदाराच्या चारित्र्यावर वा कामचुकारपणावर घसरते. ती वारंवार रजा घेते हे खरे असले, तरी वरील वाक्य उच्चारले गेले की नाही याचे ते उत्तर नव्हे. उलट आरोपातील वृत्तीलाच त्यातून पुष्टी मिळते. तिसरे उत्तर सर्वांत फसवे असते : ‘माझ्या बोलण्याने मन दुखावले असल्यास दिलगीर आहे.’ नियम ८ नुसार कर्मचाऱ्याने दोषारोप मान्य केला तर त्यावर निष्कर्ष नोंदविता येतो. ही सशर्त दिलगिरी पूर्ण कबुली ठरत नाही आणि पूर्ण नकारही ठरत नाही. परिणामी कर्मचारी नकाराचा लाभ गमावतो आणि तक्रारदारास खरी क्षमायाचनाही मिळत नाही.

उत्तम उत्तर दोषारोपनिहाय असते. ‘त्या वेळी मी कक्षात होतो व अर्ज माझ्याकडे आला, हे मान्य. उद्धृत वाक्य मी उच्चारले नाही. रजेचा कालावधी लिहिलेला नसल्याने अर्ज परत केला. त्याची नोंद आवक नोंदवहीत आहे व ती पाहण्याची परवानगी मिळावी. मला समक्ष म्हणणे मांडावयाचे आहे.’ जे मान्य आहे ते मान्य केल्यामुळे वादाचा मुद्दा एका वाक्यापुरता उरतो. निर्दोष कर्मचाऱ्यास यापेक्षा चांगले संरक्षण नाही, आणि दोषी कर्मचाऱ्यास येथे लपण्यास जागा नाही. विभागीय चौकशीत फौजदारी खटल्याप्रमाणे निःसंशय पुरावा लागत नाही. संभाव्यतेचे पारडे कोणीकडे झुकते एवढेच पाहिले जाते. म्हणून सरसकट नकारापेक्षा पडताळता येणारा तपशील अधिक वजनदार ठरतो.

मुदत आणि मर्यादा

लैंगिक छळाच्या तक्रारीत वाट काहीशी निराळी आहे. २०१३ च्या कायद्याखालील नियमांनुसार तक्रारीची प्रत समितीने सात कामकाजाच्या दिवसांत प्रतिवादीस द्यावयाची असते आणि त्याने दहा कामकाजाच्या दिवसांत उत्तर द्यावयाचे असते. चौकशी नव्वद दिवसांत पूर्ण होणे अपेक्षित आहे. मेधा कोतवाल लेले प्रकरणातील २००४ च्या आदेशापासून समितीचा अहवाल हा शिस्तभंगाच्या कारवाईतील चौकशी अहवाल मानला जातो. त्यामुळे समितीपुढील उत्तर हेच प्रत्यक्षात बचावाचे निवेदन ठरते. ही बाब ध्यानात न घेता अनेक कर्मचारी ‘खरे उत्तर पुढे देऊ’ असे समजून पहिले उत्तर त्रोटक ठेवतात.

येथे घाईचा धोकाही आहे. ऑरेलियानो फर्नांडिस विरुद्ध गोवा राज्य या प्रकरणात गोवा विद्यापीठातील विभागप्रमुखाविरुद्ध २००९ मध्ये विद्यार्थिनींच्या तक्रारी झाल्या. समितीने अखेरच्या टप्प्यात सुनावण्या इतक्या घाईने उरकल्या, की उलटतपासणीस व बचावास पुरेसा अवधी मिळाला नाही, असे सर्वोच्च न्यायालयास आढळले. १२ मे २०२३ रोजी बडतर्फी रद्द होऊन प्रकरण पुन्हा समितीकडे, मे २००९ मधील टप्प्यावर गेले. चौदा वर्षांनंतर आरोप ना सिद्ध झाले, ना असिद्ध. काही आठवडे वाचविण्याच्या प्रयत्नात प्रतिवादीइतकेच तक्रारदार विद्यार्थिनींचेही न्यायाचे दान हुकले.

आणखी एक मर्यादा कागदाबाहेरची आहे. लहान कार्यालयातील साक्षीदार बहुधा त्याच वरिष्ठाच्या हाताखाली काम करतात आणि चौकशीपर्यंत त्यांची जीभ जड होते. म्हणून तक्रारीनंतर लगेच, तारखेसह व स्वाक्षरीसह घेतलेले त्यांचे जबाब जोडपत्र तीनमध्ये असणे हा पुढील माघारीवरचा व्यावहारिक उपाय आहे. तो पुरेसा नाही, पण तो नसेल तर उत्तम ज्ञापनही पोकळ पडते.

समारोप

दोषारोप ज्ञापन आणि लेखी निवेदन हे परस्परविरोधी कागद असले तरी त्यांची कसोटी एकच आहे : वाचणाऱ्या तिऱ्हाईतास त्या दिवशी त्या कक्षात काय झाले, कोण काय म्हणाले, हे कळते काय? चोप्रा प्रकरणात ते कळले म्हणून एका क्रियापदाचा घोळ निस्तरता आला. गोवा प्रकरणात ते कळण्याआधीच कागद मिटले गेले. कार्यालयीन मराठी शिकविताना आपण ‘सदर’, ‘उपरोक्त’ आणि ‘करण्यात आले’ यांवर भर देतो. त्याच तासाला कर्ता, तारीख आणि उच्चारलेले शब्द जसेच्या तसे लिहिण्याचा सराव दिला, तर कनिष्ठाची तक्रार आणि वरिष्ठाचा बचाव दोन्ही अधिक न्याय्य रीतीने तपासले जातील.