हाडांचा सापळा आणि तीन अर्थ : मूर्ती वाचण्याचा एक पाठ



आमच्या महाविद्यालयात मूर्तिशास्त्राचा ऐच्छिक विषय शिकवायला मी सुरुवात केली, तेव्हा पहिल्याच तासाला फळ्यावर एक तक्ता काढला होता. डावीकडे चिन्ह, उजवीकडे अर्थ. चक्र म्हणजे धर्म, कमळ म्हणजे पावित्र्य, कृश देह म्हणजे तपश्चर्या. मी स्वतः अभियंता. सर्किटच्या आकृतीत रोधाचे चिन्ह कुठेही आले तरी ते रोधाचेच असते, या सवयीतून तो तक्ता आला होता. पुढे परीक्षेत मी चामुंडेचे छायाचित्र दिले आणि बहुतेकांनी लिहिले, ‘ही देवी कठोर तप करीत आहे.’ मुलांनी तक्ता बरोबर पाठ केला होता. चूक तक्त्यात होती.

या पाठात आपण ती चूक दुरुस्त करू. त्यासाठी एकच लक्षण घेऊ : बरगड्या मोजता येतील असा, मांस झडलेला देह. हे लक्षण बुद्धाच्या, देवीच्या आणि संताच्या मूर्तीत कसे येते ते पाहू. वाचताना तिन्ही मूर्तींची छायाचित्रे समोर ठेवा.

१. उपाशी सिद्धार्थ

पहिली मूर्ती लाहोरच्या संग्रहालयात आहे. ती गांधार शैलीची असून आजच्या पाकिस्तानातील सिक्री येथे सापडली. दगड करड्या रंगाचा शिस्ट, काळ साधारण इसवी सनाचे दुसरे-तिसरे शतक. तिला ‘उपवास करणारा बुद्ध’ म्हणतात. पण काटेकोर बोलायचे तर हा अजून बुद्ध झालेला नाही. ज्ञानप्राप्तीपूर्वी सिद्धार्थाने सहा वर्षे देहदंड सोसला, तो हा काळ.

आधी फक्त पाहा. पोट आत ओढले गेले आहे, बरगड्यांवर शिरांचे जाळे उमटले आहे, डोळे खोबणीत खोल गेले आहेत. आता जे झडलेले नाही तेही पाहा. पाठीचा कणा ताठ आहे. पद्मासन पक्के आहे. दोन्ही हात मांडीवर ध्यानमुद्रेत शांत आहेत. डोक्यामागे प्रभावळ आहे. बैठकीवर मध्ये अग्निवेदी आणि तिच्या दोन्ही बाजूंना उपासक कोरलेले आहेत. म्हणजे शिल्पकाराने देहातून मांस काढून घेतले, पण बुद्धमूर्तीचा सांगाडा, म्हणजे आसन, मुद्रा, सममिती, तसाच ठेवला. देह खचला तरी निश्चय खचला नाही, हा विचार येथे कोणत्याही एका चिन्हात नसून या दोन गोष्टींच्या विरोधात आहे.

इथे एक अडचण येते. कथेनुसार सिद्धार्थाने हा मार्ग शेवटी सोडला. देहदंडातून ज्ञान मिळत नाही हे ओळखून त्याने सुजातेची खीर स्वीकारली आणि मध्यम मार्ग धरला. मग सोडून दिलेल्या मार्गाची इतकी भव्य मूर्ती का? काही विद्यार्थी लिहितात की मूर्ती तपाचा निषेध करते. दगडात मात्र निषेधाची एकही खूण नाही. भाषेत ‘नाही’ हा शब्द आहे, मूर्तीजवळ तो नाही. ती एक क्षण दाखवते. पुढचा क्षण कथा जाणणारा प्रेक्षक सोबत आणतो. म्हणून ‘मूर्ती तप नाकारते’ असे लिहू नका. ‘मूर्ती निश्चयाची कमाल मर्यादा दाखवते, तो मार्ग अपुरा ठरला हे आपल्याला कथेतून कळते’ असे लिहा. दगड काय सांगतो आणि कथा काय सांगते, या दोन गोष्टी वेगळ्या ठेवणे हा या विषयातला पहिला नियम आहे.

२. चामुंडा

दुसरी मूर्ती भुवनेश्वरच्या वैताळ देऊळ या आठव्या शतकातील मंदिराच्या गाभाऱ्यात आहे. चंड आणि मुंड या असुरांना मारल्यामुळे देवीला चामुंडा हे नाव मिळाले, अशी कथा देवीमाहात्म्यात येते.

बरगड्या इथेही दिसतात, पोट इथेही खपाटीला गेले आहे. पण बाकी सगळे उलट आहे. देवीला आठ हात आहेत. गळ्यात मुंडमाळ आहे. ती प्रेतावर बसली आहे. जवळ घुबड आणि कोल्हा आहेत, म्हणजे जागा स्मशानाची आहे. सिद्धार्थाच्या मूर्तीत रिकामे पोट म्हणजे नाकारलेले अन्न. इथे ते कधीच न भरणारे पोट आहे. सिद्धार्थाचा देह उपवासाने आटला आहे. चामुंडा मात्र सगळे खाते आणि तरी भुकेलीच राहते, कारण ती मृत्यूच्या बाजूची शक्ती आहे. मध्य भारतातील काही चामुंडामूर्तींच्या खपाटीला गेलेल्या पोटावर विंचू कोरलेला असतो. भुकेने पोटात पडणारा डंख दाखवण्याची ही शिल्पकाराची युक्ती आहे, असे तो पाहताच वाटते.

दोन मूर्तींतला फरक सर्वांत लवकर कळतो तो दिशेवरून. सिद्धार्थाच्या मूर्तीत सारे काही आत वळले आहे : हात मांडीकडे, दृष्टी स्वतःकडे. चामुंडेत सारे बाहेर येते : पसरलेले हात, उघडे तोंड. पहिल्या मूर्तीसमोर तुम्ही साक्षीदार असता, दुसरीसमोर तुमची स्वतःचीच पाळी येते.

३. कारैक्काल अम्मैयार

तिसरी प्रतिमा संत स्त्रीची आहे. कारैक्काल अम्मैयार या तमिळ शैव परंपरेतील त्रेसष्ट नायनमारांपैकी एक; त्यांचा काळ साधारण सहावे शतक मानतात. पुढे बाराव्या शतकात सेक्किळारांच्या पेरियपुराणात त्यांची कथा आली. पुनितवती नावाची व्यापाऱ्याची सुंदर पत्नी. शिवकृपेने तिच्या हाती आंबा प्रकट झाल्याचे पाहून नवरा घाबरला, दूर गेला, त्याने दुसरे लग्न केले. पुढे तो तिच्याच पाया पडला. तेव्हा तिने शिवाकडे मागितले की ज्याच्यासाठी हे सौंदर्य सांभाळले तोच आता नवरा राहिला नाही, तर हे मांस काढून घे आणि मला तुझ्या गणांतल्या पिशाचाचे रूप दे.

न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात त्यांची तेराव्या शतकाच्या उत्तरार्धातील चोळ शैलीची एक कांस्यमूर्ती आहे. उंची सुमारे २३ सेंटीमीटर, म्हणजे वीतभर. सुकलेले स्तन, उघड्या बरगड्या, काटकुळे हातपाय. या मूर्तीचे फक्त धड छायाचित्रात दाखवले तर कोणीही ‘चामुंडा’ म्हणेल आणि त्याचे फार चुकणारही नाही. अम्मैयार आपल्या पदांत स्वतःला कारैक्कालचे पिशाच म्हणवतात, आणि त्यांनी वर्णिलेली स्मशानातली पिशाची अशाच देहाची आहे. शिल्पकाराने भीतीचा देह मुद्दाम उसना घेतला आहे.

मग ही चामुंडा नाही हे कशावरून? हातांवरून. आयुधांच्या जागी दोन छोटे टाळ आहेत. चेहऱ्यावर हसू आहे. आणि तिसरी खूण एकट्या मूर्तीत दिसत नाही, तिची जागा पाहावी लागते. राजेंद्र चोळाने अकराव्या शतकात बांधलेल्या गंगैकोंडचोळपुरमच्या मंदिरात नाचणाऱ्या शिवाच्या पायापाशी ही कृश आकृती टाळ घेऊन बसली आहे. हा देह स्वतःत वळलेला नाही आणि तुमच्यावरही झेपावत नाही. तो दुसऱ्याच्या नाचाला ताल धरतो. चामुंडेच्या देहात भुकेची जी पोकळी होती, ती इथे गाण्याने भरली आहे.

यात एक सामाजिक प्रश्नही आहे. सिद्धार्थ कृश झाला तेव्हा पुरुष म्हणून त्याचे काही हरवले असे कथा म्हणत नाही. अम्मैयारना मात्र भक्त म्हणून मोकळे होण्यासाठी आधी स्त्रीचे रूप टाकावे लागले. मूर्तीत स्तन सुकलेले दाखवले आहेत, पण काढून टाकलेले नाहीत. ती स्त्रीच आहे, फक्त कोणाच्या नजरेसाठी नाही. माझ्या मते या वीतभर मूर्तीत हाच सर्वांत धाडसी विचार आहे.

४. पद्धतीच्या मर्यादा

तीन उदाहरणांतून निघणारा निष्कर्ष असा : लक्षण अर्थ देत नाही, अर्थाच्या शक्यता देते. त्यांतली कोणती खरी हे आसन, हात, दृष्टीची दिशा आणि शेजारची माणसे ठरवतात. म्हणूनच ही पद्धत कुठे अडते तेही स्पष्ट होते. हात तुटलेले असतील, मूर्ती मूळ जागेवरून संग्रहालयात आणलेली असेल किंवा छायाचित्र कापलेले असेल, तर नेमके निर्णायक पुरावे जातात. अशा वेळी ‘कृश देहाची स्त्रीमूर्ती, ओळख अनिश्चित’ असे लिहिणे हे अपयश नाही. तेच बरोबर उत्तर असते.

५. दृश्य-विश्लेषणाचे काम

कर्नाटकातील बदामीच्या पहिल्या लेण्यात, सहाव्या शतकातील अर्धनारीश्वराचे शिल्प आहे. त्याच्या शिवाकडील बाजूला नंदीजवळ एक हाडांचा सापळा उभा आहे. प्रत्यक्ष जाऊन किंवा पूर्ण शिल्पपटाच्या स्पष्ट छायाचित्रावरून पुढील क्रमाने काम करा.

पहिली दहा मिनिटे फक्त वर्णन लिहा. नाव, कथा, अर्थ काहीही नको. नंतर चार प्रश्नांची उत्तरे द्या : ही आकृती कशी उभी आहे, हात काय करतात, ती कोणाकडे वळली आहे, आणि ती शिल्पाच्या कोणत्या अर्ध्या भागाजवळ आहे? मग वरील तीन मूर्तींपैकी ती कोणाच्या जवळची आणि कशात वेगळी, हे लिहा. त्यानंतरच भृंगी ऋषीची कथा शोधून वाचा. या भक्ताला फक्त शिवालाच प्रदक्षिणा घालायची होती, देवीला नाही. ही माहिती मिळाल्यावर चौथ्या प्रश्नाचे तुमचे उत्तर बदलते का ते तपासा.

शेवटी तीनशे शब्दांचे टिपण लिहा आणि दगडावरून कळलेल्या वाक्यांखाली एक रेघ, कथेवरून कळलेल्या वाक्यांखाली दोन रेघा ओढा. पहिल्या परिच्छेदातच दोन रेघांची वाक्ये जास्त झाली असतील, तर तुम्ही मूर्ती पाहिलेली नाही, गोष्ट आठवली आहे. पुन्हा छायाचित्राकडे या आणि हातांपासून सुरुवात करा.