कट नेमका कुठे पडतो?

मराठी चित्रपटाचं कुठलंही परीक्षण घ्या. कथा, अभिनय आणि सामाजिक आशय यांवर भरभरून लिहिलेलं असतं. दृश्य बांधलं कसं, यावर मात्र ‘छायाचित्रण उत्तम’ एवढ्यावर बोळवण. गेल्या दहा-पंधरा वर्षांत आपल्या दिग्दर्शकांनी शॉट किती वेळ धरायचा याचा जेवढा विचार केला, तेवढा आपल्या समीक्षेने केला नाही, असं माझं स्पष्ट मत आहे. महाविद्यालयीन निबंधही त्याच वाटेने जातात. खरं तर शॉटच्या अभ्यासाला पुण्याचं चित्रपट संग्रहालय गाठावं लागत नाही. चिखली-मेहकरला घरी बसूनही तो होतो. लॅपटॉप, वही आणि चिकाटी पुरते.

चैतन्य ताम्हाणे यांचा ‘कोर्ट’ (२०१४) त्यासाठी घ्यावा. नागपूरचे कार्यकर्ते वीरा साथीदार यांनी त्यात लोकशाहीर नारायण कांबळे साकारला आहे. त्याच्या गाण्यामुळे एका सफाई कामगाराने गटारात उतरून जीव दिला, असा त्याच्यावर आरोप आहे. न्यायालयातल्या दृश्यांत मृणाल देसाई यांचा कॅमेरा बहुतेक वेळ लांब आणि स्थिर उभा असतो. वकील बोलतात, मागच्या बाकांवर माणसं आपल्या पाळीची वाट बघत बसतात, आणि कुणाकडे बघायचं हे आपल्यालाच ठरवावं लागतं. आरोपीच्या चेहऱ्यावर जवळून कट केला असता, तर सहानुभूती कुणाला द्यायची हे दिग्दर्शकानेच ठरवून टाकलं असतं.

शेवटाकडे न्यायालयाला उन्हाळी सुट्टी लागते. माणसं बाहेर पडतात, दिवे एकेक करून मालवले जातात, दालन अंधारतं. कट कुठे पडतो, हे इथेच टिपायचं. शेवटचा माणूस गेल्यावर तो पडत नाही, दिवा गेल्यावरही नाही. अंधार धरून ठेवला जातो. चित्रपट संपला असं वाटू लागतं. मग सुट्टीवर गेलेले न्यायाधीश दिसतात. शॉट आधीच तोडला असता तर ते दालन केवळ बंद झालं असतं. धरून ठेवल्यामुळे, कांबळेचा खटला तिथेच अडकलेला असताना व्यवस्था निवांत सुट्टीवर जाते, हे आपल्याला त्या वेळातच सोसावं लागतं. रिखव देसाई यांच्या संकलनातला हा निर्णय मला संपूर्ण चित्रपटाचा कणा वाटतो.

मोजायचं कसं? व्हीएलसी प्लेअरमध्ये ‘E’ ही कळ दाबली की चित्र एकेक फ्रेमने पुढे सरकतं. नव्या शॉटची पहिली फ्रेम आली की वेळ लिहायची. दोन वेळांमधला फरक म्हणजे शॉटची लांबी. प्रत कुठली, तेही नोंदवावं. सेकंदाला २४ फ्रेमचा चित्रपट काही डीव्हीडींवर २५ च्या वेगाने चालतो, तेव्हा ११६ मिनिटांचा ‘कोर्ट’ १११ मिनिटांच्या आसपास येईल आणि प्रत्येक शॉट चार टक्के आखूड भरेल.

पुढची चूक सरासरीची. समजा, दृश्यात दहा शॉट आहेत: नऊ चार सेकंदांचे, एक चोपन्न सेकंदांचा. सरासरी नऊ सेकंद येते, पण नऊ सेकंदांचा शॉट त्यात एकही नाही. मध्यक चारच राहतो. म्हणून दोन्ही आकडे द्यावेत, आणि तो लांब शॉट दृश्यात कुठे येतो हे सांगावं. खरा अर्थ बहुधा तिथेच असतो.

कॅमेऱ्याच्या हालचालीतही फसगत होते. कॅमेरा पुढे सरकला की झूम झाला, हे ओळखायचं असेल तर जवळचा खांब आणि मागची भिंत बघावी. कॅमेरा सरकला तर खांब भिंतीच्या तुलनेत वेगाने जागा बदलतो. झूममध्ये दोन्ही एकाच प्रमाणात मोठे होतात.

कमी कट म्हणजे गंभीर चित्रपट, असा सोपा निष्कर्षही काढू नये. नागराज मंजुळे यांच्या ‘फँड्री’त (२०१३) डुकरांमागे धावपळ चाललेली असताना शाळेतून राष्ट्रगीत ऐकू येतं. जब्या आणि त्याच्या घरचे जागच्या जागी उभे राहतात. डुकराला मात्र थांबायचं बंधन नाही. इथे नुसते शॉट मोजून काही हाती लागणार नाही. शरीरांची हालचाल कुठे थांबते आणि पुन्हा कधी सुरू होते, हेही वेळेसह लिहावं लागेल. ‘कोर्ट’मध्ये थांबतो तो कॅमेरा, ‘फँड्री’त माणसांना थांबावं लागतं. दोन्ही चित्रपट जातीबद्दल आहेत एवढंच लिहिणाऱ्या निबंधात हा फरक येतच नाही.

निबंध लिहिणाऱ्यांना एक विनंती: मोजणीचा तक्ता शेवटी जोडा, म्हणजे वाचणारा तोच चित्रपट लावून तुमचं म्हणणं तपासू शकेल.