कीर्तनातले हसू

कीर्तनात विनोद असावा की नसावा, हा वाद आपल्याकडे मधूनमधून उकरून काढला जातो. खरे पाहता हा वाद निरर्थक आहे. देवळाच्या सभामंडपात दोन-अडीच तास मांडी घालून बसलेला श्रोता केवळ वेदान्तावर जागा राहत नाही, हे नारदाच्या गादीवर उभ्या राहणाऱ्या प्रत्येक बुवाला ठाऊक असते. खरा प्रश्न निराळाच आहे. श्रोते हसले ते कोणाला हसले, आणि हसून झाल्यावर त्यांच्या हाती काय उरले?

यासाठी प्रथम कीर्तनाची घडण ध्यानात घ्यावयास हवी. नारदीय कीर्तनाचे पूर्वरंग आणि उत्तररंग असे दोन भाग पडतात. नमन झाल्यावर बुवा मूळ पद घेऊन त्याचे निरूपण करतात, तो पूर्वरंग. मग नामाचा गजर होतो, बुक्का लावला जातो, आणि त्यानंतर आख्यान लागते, तो उत्तररंग. आख्यानात विनोदाला मोकळे रान असते, कारण तेथे हसू पात्रांना येते. धोका आहे तो पूर्वरंगात. तेथे बुवा सिद्धान्त पटवून देण्यासाठी व्यवहारातला दृष्टान्त घेतात, आणि व्यवहारातली माणसे तर समोरच बसलेली असतात! उशिरा आलेला शेटजी, पेंगणारे आजोबा, आपसांत कुजबुजणाऱ्या बायका ही सारी आयती सावजे. त्यांच्यावर एखादा टोमणा टाकला की हशा हमखास पिकतो. पण त्या हशात एक गोष्ट दिसते, ती बुवांनी पाहावी. माना वळतात. श्रोत्यांनी समोर पाहून हसणे आणि मान वळवून कोणाकडे तरी पाहत हसणे, या दोन हशांत जमीनअस्मानाचे अंतर आहे. पहिल्या हशात माणूस स्वतःला ओळखतो. दुसऱ्यात तो शेजाऱ्याला ओळखतो आणि स्वतः निसटतो. ज्याच्याकडे माना वळल्या, तो तर त्यानंतर निरूपणातले अक्षरही ऐकत नाही.

हा धोका नाथांनी फार पूर्वी ओळखला होता, असे त्यांच्या भारुडांवरून वाटते. विंचवाचे भारूड घ्या. काम आणि क्रोध हा विंचू, आणि त्याला उतारा सत्त्वगुणाचा, एवढाच त्याचा आशय. पण विंचू चावला आहे तो समोरच्या कोणाला नव्हे, तर भारूड म्हणणाऱ्यालाच. तोच तळमळतो, तोच लोळण घेतो, लोक त्यालाच हसतात. हसता हसता हे विष आपल्याही अंगी भिनले आहे, असे श्रोत्याला जाणवते; पण ते त्याला कोणी तोंडावर सांगितलेले नसते. बोलणाऱ्याने सोंग स्वतः घ्यावे, हा भारुडाचा मोठाच धडा आहे.

भवानीआईला नवस करणाऱ्या सुनेचे भारूड याहून अवघड आहे. सासऱ्यापासून नवऱ्यापर्यंत घरातल्या एकेकाला दूर कर, असे ही सून देवीला विनवते, आणि शेवटी मला एकटीलाच राहू दे म्हणते. नाथांच्या दृष्टीने सासरचा हा गोतावळा म्हणजे जिवाला जखडणारे पाश, आणि शेवटचे एकटेपण म्हणजे त्यातून झालेली सुटका. हा अर्थ उलगडून सांगितला तर हसू वर येते आणि तेथेच गंभीर होते. पण कित्येक बुवा सासूच्या ओळीपाशीच रेंगाळतात, आवाज काढतात, पदर घेतल्याचा अभिनय करतात, आणि टाळ्या पडल्या की पुढल्या पदाकडे वळतात. मग मागे उरते ती केवळ सासूसुनांची थट्टा. समोर सासवाही बसलेल्या असतात आणि सुनाही. घरी जाताना दोघींच्या मनात एकेक बोच असते. शब्द नाथांचेच असतात, फक्त अर्थ वाटेत गळालेला असतो.

विनोदाला कीर्तनाचे मुख्य हत्यार करणारा या शतका-दीड शतकातला सर्वांत समर्थ कीर्तनकार म्हणजे गाडगेबाबा (१८७६–१९५६). दिवसा हातातल्या खराट्याने गाव झाडावे आणि रात्री त्याच गावापुढे कीर्तनाला उभे राहावे, हा त्यांचा परिपाठ. त्यांची रीत प्रश्नोत्तरांची होती. देवाला न्हाऊ कोण घालतो? आम्ही. कपडे कोण नेसवतो? आम्ही. त्याच्यापुढे दिवा लावावा लागतो का? लागतो. अशा धाटणीचे, एका शब्दात उत्तर देता येईल असे प्रश्न ते वऱ्हाडी बोलीत एकामागून एक टाकीत. तीन-चार उत्तरे देऊन झाली की श्रोत्यांच्याच ध्यानात येई की, जो आपल्यावाचून न्हात नाही, ज्याला उजेड आपण द्यावयाचा, त्याच्यापुढे बकरे कापून आपण पोर मागतो! आणि मंडप हसे. येथे विनोदाची बांधणी पाहण्याजोगी आहे. विसंगती बाबांनी सांगितलेली नाही. ती श्रोत्यांनी स्वतःच्या तोंडाने, सर्वांनी मिळून, उच्चारलेली आहे. उत्तर सगळ्या गावाचे असल्यामुळे मान कोणाकडेच वळत नाही.

आणि हसू पुरते ओसरण्याआधीच ते नामाचा गजर धरीत. हेही महत्त्वाचे आहे. हशा संपून शांतता पडली की मन मोकळे होऊन भटकू लागते. हशा ऐन भरात असता बोलले तर शब्द बुडतो. हसू उतरणीला लागते त्या क्षणी श्रोत्याचे मन उघडे असते, आणि मुद्द्याचे वाक्य तेथेच, आवाज चढवता न चढवता, पडावयास हवे.

तथापि ही केवळ कारागिरी नव्हती. बाबांचे वडील दारूपायी गेले. ज्या मामांच्या घरी ते वाढले, त्यांची शेती सावकाराने गिळली. स्वतःच्या मुलीच्या बारशाला रूढीप्रमाणे मटण-दारू न देता त्यांनी गोड जेवण घातले होते. म्हणून कर्ज काढून सण करणाऱ्याला ते हसत, तेव्हा त्या हसण्यात तुच्छता नसे. कर्जाने घर कसे बुडते ते त्यांनी पाहिलेले होते. चिंध्या पांघरलेला, आपण अडाणी आहोत असे सांगणारा हा माणूस श्रोत्यांच्या खालच्या पायरीवरून बोले. तीच वाक्ये रेशमी उपरणे घेतलेल्या, बिदागी ठरवून आलेल्या बुवाने म्हटली की ती टोचतात. बाबांची नक्कल करणारे पुष्कळ झाले, त्यांतले बरेचसे येथेच फसले. शब्द उचलता येतात, उभे राहण्याची जागा उचलता येत नाही.

विनोद मर्यादेत होता की नाही, हे ओळखण्याची आणखी एक साधी कसोटी आहे, आणि ती आपणा श्रोत्यांच्याच हाती आहे. दुसऱ्या दिवशी सकाळी घरात कीर्तनाचा विषय निघाला की कोणी काय सांगतो ते ऐकावे. ‘बुवांनी काय हसवले!’ एवढेच कोणी म्हणाला, तर विनोदाने कीर्तन खाल्ले. ‘बुवांनी अमक्याची चांगली जिरवली’ असे म्हणाला, तर त्याने माणूस खाल्ला. पण गोष्ट सांगता सांगता तो स्वतःच हसला आणि ‘आपणही तसेच करतो की!’ म्हणून क्षणभर थांबला, तर बुवांची बिदागी वाया गेली नाही असे समजावे.